एव्हरीडे की एव्हरी डे, समटाइम की सम टाइम? बोर्ड, मेन्यू आणि कार्ड छापायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी म्हापशात डीटीपी आणि छपाईचं काम करते. आमच्याकडे येणारं निम्म्याहून जास्त काम इंग्लिश असतं, होमस्टेची कार्डं, शॅकचे मेन्यू, स्कूटर भाड्याने देणाऱ्यांचे बोर्ड, आणि मजकूर आणणारी माणसं पेडणे, डिचोली, फोंड्याकडची, घरी मराठी-कोकणी बोलणारी. हे दोन शब्द जोडायचे की तोडायचे हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता सगळं एकदाच लिहून ठेवते.

जोडून लिहिलं काय, तोडून लिहिलं काय, खरंच अर्थ बदलतो का?

हो बदलतो. आपल्याकडे पण असं होतंच की. "मी पण येतो" आणि "मीपण सोड" ही दोन वाक्यं बघा, एकात "मी सुद्धा" आहे आणि दुसऱ्यात अहंकार आहे, अक्षरं तीच, मधली जागा तेवढी गेली. इंग्लिशमध्ये हे असं आहे:

```
every day  = रोज, दररोज
everyday   = रोजचा, साधा, नेहमीच्या वापरातला
some time  = थोडा वेळ, बराच वेळ, काही काळ
sometime   = कधीतरी
```

म्हणजे एव्हरी डे तोडून लिहिलं की ते "कधी" किंवा "किती वेळा" या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि एव्हरीडे जोडून लिहिलं की ते विशेषण होतं, "कसला" या प्रश्नाचं उत्तर. समटाइमचं उलट वाटेल असं आहे, तिथे जोडलेला शब्द "कधी"चं उत्तर देतो आणि तोडलेला "किती वेळ"चं. या उलटसुलटपणामुळेच लोक गोंधळतात, एका जोडीचा नियम पाठ करून दुसऱ्या जोडीला लावतात आणि चुकतात. म्हणून नियम पाठ करूच नका, वाक्य मराठीत म्हणून बघा, ते पुढे सांगते.

एव्हरीडे जोडायचं की तोडायचं हे मराठीत विचार करून कसं ओळखायचं?

आपल्याला एक मोठा फायदा आहे जो इंग्लिश बोलणाऱ्यांना नाही. त्यांना दोन्ही ठिकाणी जवळजवळ तोच आवाज ऐकू येतो, पण मराठीत "रोज" आणि "रोजचा" हे ऐकायलाच वेगळे आहेत. "चा, ची, चे" लागलं की ते पुढच्या नामाला चिकटतं. म्हणून वाक्य आधी मराठीत म्हणा. "आम्ही रोज उघडे असतो", इथे नुसतं रोज आलं, तोडून लिहा. "रोजच्या वापराची भांडी", इथे च्या आलं, जोडून लिहा.

```
We are open every day.
Pots for everyday use.
```

दुसरी परीक्षा मध्ये शब्द घालायची. एव्हरी आणि डे यांच्यामध्ये सिंगल हा शब्द घालून बघा. "ओपन एव्हरी सिंगल डे" चालतं, म्हणजे दोघांच्यात फट आहे, तोडून लिहा. "पॉट्स फॉर एव्हरी सिंगल डे यूज" म्हटलं की जीभच अडखळते, म्हणजे फट नाही, तो एकच शब्द आहे. ही परीक्षा मला जास्त आवडते कारण ती इंग्लिश वाक्यावरच करता येते, मजकूर कुणी दुसऱ्याने लिहून दिला असेल आणि त्याच्या मनात मराठीत काय होतं ते माहीत नसेल तरी.

रोजचा म्हटलं की डोळे मिटून जोडून लिहायचं का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, त्यामुळे हे जरा सावकाश वाचा.

मराठीतल्या "रोजचा" या शब्दात दोन अर्थ राहतात. एक अर्थ साधा, नेहमीचा, खास नसलेला: रोजचे कपडे, रोजचं जेवण, रोजच्या चपला. दुसरा अर्थ दर दिवशी होणारा किंवा दर दिवसाला लागणारा: रोजची बस, रोजचा पेपर, रोजचं भाडं. इंग्लिशमधला जोडलेला एव्हरीडे फक्त पहिला अर्थ घेतो. दुसऱ्या अर्थाला तिथे वेगळा शब्द आहे, डेली. पैशाचा दर असेल तर पर डे किंवा अ डे.

स्कूटर भाड्याने देणारा एकजण मजकूर घेऊन आला होता, त्याला म्हणायचं होतं की रोजचं भाडं चारशे रुपये, आणि त्याने रोजचं म्हणून एव्हरीडे लावलं होतं. ते वाचणाऱ्या परदेशी माणसाला "साधंसुधं, नेहमीचं भाडं चारशे" असं काहीतरी वाटेल, म्हणजे हे नेहमीचं भाडं, मग सीझनचं वेगळं असणार, अशी शंका येईल, आणि चारशे नेमके किती वेळाचे ते कळणारच नाही. आम्ही ते असं केलं:

```
Rent: Rs 400 per day
```

बेतीच्या फेरीबोटीला पण तेच. रोजची फेरीबोट म्हणजे डेली फेरी. एव्हरीडे फेरी म्हटलं तर "साधीशी फेरीबोट" असा अर्थ होतो, जो आपल्याला म्हणायचा नसतो. तसंच म्हापशाचा बाजार रोजचा असतो पण शुक्रवारचा मोठा असतो असं सांगायचं असेल, तर रोजचा बाजार हा डेली मार्केट आणि शुक्रवारचा वीकली. एव्हरीडे मार्केट नाही.

म्हणून मराठीत "रोजचा" आलं की लगेच अजून एक प्रश्न विचारा: इथे रोजच्याच्या जागी "साधा" किंवा "नेहमीचा" घालून चालतंय का? रोजचे कपडे, साधे कपडे, चालतं, एव्हरीडे जोडून. रोजचं भाडं, साधं भाडं, नाही चालत, मग डेली किंवा पर डे.

"आमच्याकडे हे रोजचंच आहे" असं म्हणायचं असेल तर? पुढे नाम नाही ना.

बरोबर पकडलं. मराठीत नाम गाळलं तरी चालतं, इंग्लिशमध्ये जोडलेल्या एव्हरीडेला सहसा पुढे नाम लागतं. दोन रस्ते आहेत, एकतर थिंगसारखं काहीतरी नाम द्या, "इट इज अॅन एव्हरीडे थिंग", जोडून. किंवा वाक्यच फिरवा, "इट हॅपन्स एव्हरी डे", तोडून. जोडलेला एव्हरीडे वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाला टेकून उभा दिसला तर दहापैकी नऊ वेळा तो चुकीचा असतो. मी प्रूफ बघताना पहिलं हेच बघते, एव्हरीडेच्या पुढे काय आहे. टिंब, वेळ किंवा "फ्रॉम" असेल तर तोडते, नाम असेल तर थांबून विचार करते.

ऑलमोस्ट, एक्सेप्ट वगैरे लागलं की काय होतं?

तोडूनच. ऑलमोस्ट एव्हरी डे, एव्हरी डे एक्सेप्ट मंडे, एव्हरी डे ऑफ द वीक, सगळीकडे तोडून. ऑलमोस्ट हा शब्द एव्हरीला लागतो, "जवळजवळ प्रत्येक", आणि एव्हरी हा शब्दच डेमध्ये विरघळून गेला असेल तर ऑलमोस्टला धरायला काही उरत नाही. वाक्याची सुरुवात त्याने झाली तरी तेच, "एव्हरी डे इज डिफरंट", प्रत्येक दिवस वेगळा, इथे डे हा पूर्ण नाम आहे, त्याला मोकळं ठेवा.

आता समटाइमचं सांगा, ते मला जास्त अवघड जातं.

खरं तर मराठीत हे अजून सोपं आहे. "कधीतरी" बसत असेल तर जोडून, "थोडा वेळ, बराच वेळ, काही काळ" बसत असेल तर तोडून. कोकणीत विचार करत असाल तर "केन्नातरी" जोडून आणि "थोडो वेळ" तोडून.

```
Come home sometime.          (कधीतरी घरी या)
It will take some time.      (थोडा वेळ लागेल)
```

मध्ये शब्द घालायची परीक्षा इथे पण आहे, फक्त सिंगलच्या जागी मोर घाला. "इट विल टेक सम मोर टाइम" चालतं, तोडा. "कम होम सम मोर टाइम" काहीच अर्थ लागत नाही, जोडा. पण लक्षात ठेवा, मोरच घाला, अदर घालू नका. "कम सम अदर टाइम" हे पूर्ण बरोबर इंग्लिश आहे, "मग परत कधीतरी या", आणि ते नेहमी तोडूनच लिहायचं कारण मध्ये अदर येऊन बसलाय. त्यामुळे अदर घालून परीक्षा घेतली तर ती नेमकी जोडायच्या ठिकाणी पास होते आणि उलटं उत्तर मिळतं.

अजून एक खूण: आधी फॉर किंवा आफ्टर आलं आणि पुढे लगेच वाक्य संपलं, म्हणजे "फॉर सम टाइम", "आफ्टर सम टाइम", तर तोडून, कारण फॉरला पुढे नाम लागतं आणि टाइम हे नाम आहे. उलट पुढे इन, नेक्स्ट वीक, सून असं काही आलं, "समटाइम इन जून", "समटाइम नेक्स्ट वीक", "समटाइम सून", तर जोडून, कारण तो कधीतरीच आहे, फक्त कुठल्या हद्दीतला कधीतरी ते पुढे सांगितलंय.

"काही काळापूर्वी" हे कधीतरीच झालं ना? मग ते जोडून का नाही?

हा प्रश्न मला एका शिकवणी घेणाऱ्या काकींनी विचारला होता आणि तो खरंच चांगला प्रश्न आहे. "सम टाइम अगो" हे तोडूनच लिहितात. कारण असं की अगोच्या आधी नेहमी एक माप लागतं. टू डेज अगो, टेन इयर्स अगो, म्हणजे किती मागे जायचं ते. "कधीतरी पूर्वी" असं मराठीत पण आपण म्हणत नाही, "काही काळापूर्वी" म्हणतो, म्हणजे काळाची लांबी मोजून मागे जातो. तिथे सम टाइम हे माप आहे, बिनआकड्याचं माप. आपल्याकडे सगळे बोलतात ते "सम टाइम बॅक" पण तसंच, तोडून.

"समटाइम आफ्टर" आणि "सम टाइम आफ्टर" मध्ये दोन्ही चालतात असं ऐकलंय, खरं का?

दोन्ही चालतात, पण एकच गोष्ट सांगत नाहीत, आणि पैशाच्या किंवा बुकिंगच्या मजकुरात हा फरक महागात पडू शकतो. समजा तुम्ही गिऱ्हाइकाला लिहिलंत:

```
The room will be free sometime after Chaturthi.
The room will be free some time after Chaturthi.
```

पहिल्यात "चवथीनंतर कधीतरी", म्हणजे दुसऱ्या दिवशी पण असू शकेल, महिन्याने पण, तुम्ही फक्त एवढंच सांगताय की चवथीच्या आधी नाही. दुसऱ्यात "चवथीनंतर बराच काळ गेल्यावर", तुम्ही अंतर सांगताय, लगेच नाही असं सुचवताय. गिऱ्हाईक दुसरं वाक्य वाचून लगेच फोन करणार नाही, पहिलं वाचून कदाचित करेल. परीक्षा सोपी आहे, सम टाइमच्या आधी क्वाइट घाला, "क्वाइट सम टाइम आफ्टर चतुर्थी". हेच म्हणायचं असेल तर तोडा, नसेल तर जोडा. आणि माझं विचाराल तर अशा ठिकाणी दोन्ही टाकून सरळ तारीख लिहा, कारण हा फरक वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच याची खात्री नाही, इंग्लिशच बोलणाऱ्यांच्या पण येत नाही कधीकधी.

शेवटी एस लागला की?

समटाइम्स म्हणजे कधीकधी, अधूनमधून. तो नेहमी जोडूनच. "समटाइम क्लोज्ड" असं लिहिलेले बोर्ड मी पाहिलेत, तिथे एस राहिलाय. कधीतरी आणि कधीकधी यातला फरक आपण बोलताना कधी चुकत नाही, तोच फरक एका एसमध्ये आहे.

समटाइमचा अजून एक अर्थ आहे, "एकेकाळचा, माजी", नावाच्या आधी पदासोबत येतो, जोडून. फार ठेवणीतला वापर आहे, कार्डावर तो लागला तर फॉर्मर लिहा, सगळ्यांना कळेल.

एखादा पूर्ण मजकूर घेऊन दाखवाल का?

दाखवते, आणि हा माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. पेडण्याकडच्या एका घरगुती खानावळीचं कार्ड होतं, ५०० कार्डं. काकींनी मराठीत सांगितलं होतं: "आमच्याकडे रोजचंच जेवण मिळतं, पण रोज ताजं शिजवतो. कधीतरी या आणि आमच्यासोबत थोडा वेळ घालवा. दुपारी कधीकधी बंद असतं." हुमण, किसमूर, सोलकढी असं घरातलं जेवण, त्यांना तेच सांगायचं होतं की हॉटेलचं नाही, घरातलं आहे. मी घाईत असं टाइप केलं आणि तसंच छापलं:

```
Everyday food cooked fresh everyday.
Visit us some time and spend sometime with us.
Sometime closed in the afternoon.
```

काकींच्या पुतण्याने कार्डं बघितली आणि शांतपणे म्हणाला, ताई, इथे चार चुका आहेत. मी परत बसून एकेक शब्द तपासला.

पहिला एव्हरीडे: मराठीत "रोजचंच जेवण". साधं जेवण असं म्हणून चालतं का, चालतं. पुढे फूड हे नाम आहे. म्हणजे जोडलेलं बरोबर, याला हात लावायचा नाही. इथे डेली पण नको, कारण काकींना "दर दिवशीचं" म्हणायचं नव्हतं, "खास नसलेलं, घरचं" म्हणायचं होतं.

दुसरा एव्हरीडे: मराठीत "रोज ताजं शिजवतो". चा, ची, चे काही नाही. पुढे टिंब आहे, नाम नाही. मध्ये सिंगल घातलं, "कुक्ड फ्रेश एव्हरी सिंगल डे", छान बसतं. तोडायचं. ही पहिली चूक.

व्हिजिट असच्या पुढचा: मराठीत "कधीतरी". मोर घालून बघितलं, बसत नाही. जोडायचं. दुसरी चूक.

स्पेंडच्या पुढचा: मराठीत "थोडा वेळ". "स्पेंड सम मोर टाइम" एकदम बसतं, आणि स्पेंडला कर्म लागतंच, काय घालवा, तर वेळ घालवा. तोडायचं. तिसरी चूक. म्हणजे एकाच ओळीत दोन्ही उलटे झाले होते, बरोबर अदलाबदल.

शेवटचा: "कधीकधी बंद". एस पाहिजे. समटाइम क्लोज्ड वाचून एखाद्याला वाटलं असतं की कधीतरी पुढे एकदा बंद होणार आहे. चौथी चूक.

```
Everyday food, cooked fresh every day.
Visit us sometime and spend some time with us.
Sometimes closed in the afternoon.
```

पहिल्या ओळीत स्वल्पविराम घातला, कारण तो नसला तर दोन एव्हरी एका दमात वाचले जातात आणि फरक डोळ्याला दिसत नाही. कार्डं मी माझ्या खर्चाने परत छापून दिली, आणि तेव्हापासून माझ्या टेबलावर कागद चिकटवलाय: रोज, रोजचा, कधीतरी, थोडा वेळ, कधीकधी. पाच शब्द, पाच स्पेलिंगं.

बोलताना फरक ऐकू येतो का?

येतो, कान लावला तर. जोडलेल्या एव्हरीडेमध्ये जोर सुरुवातीच्या एव्हवर पडतो आणि डे त्याच्या मागून येतो. तोडलेल्यात डेवर पण स्वतंत्र जोर असतो. समटाइम जोडून म्हणताना समवर जोर, तोडून म्हणताना टाइमवर, आणि "थोडा वेळ" या अर्थाने तर सम इतका हलका होतो की नुसता "स्म टाइम" ऐकू येतो. पण आपण इंग्लिश बोलताना जोर मराठीच्या वळणाने देतो, त्यामुळे स्वतःच्या तोंडचं ऐकून ठरवायला जाऊ नका, मराठी अर्थावरून ठरवा.

ब्रिटिश आणि अमेरिकन मध्ये वेगळं आहे का?

एव्हरीडेच्या बाबतीत नाही, दोन्हीकडे सारखंच. समटाइमच्या बाबतीत थोडंसं आहे, ब्रिटिश लिखाणात "कधीतरी" या अर्थाने सुद्धा सम टाइम तोडून लिहिलेलं दिसतं, ते तिथे चूक धरत नाहीत. उलटं मात्र कुठेच चालत नाही, थोडा वेळ या अर्थाने जोडून लिहिणं दोन्हीकडे चूक. म्हणून अगदीच कळेनासं झालं आणि विचारायला कोणी नसलं तर समटाइम तोडून लिहिणं कमी धोक्याचं. एव्हरीडेला अशी पळवाट नाही. जुन्या, एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत एव्हरी आणि डे यांच्यामध्ये आडवी रेघ घातलेली सापडते, विशेषण म्हणून. ती आता गेली, तुम्ही घालू नका.

कॉम्प्युटर लाल रेघ का दाखवत नाही?

कारण चारही स्पेलिंगं डिक्शनरीत आहेत. लाल रेघ डिक्शनरीत नसलेल्या शब्दाला येते. व्याकरण तपासणारी निळी रेघ कधी पकडते, कधी सोडून देते, तिच्यावर भरवसा ठेवून छापायला देऊ नका. आणि सगळे एव्हरीडे एका झटक्यात रिप्लेस ऑल करून तोडू पण नका, त्यात बरोबर असलेले "एव्हरीडे यूज", "एव्हरीडे लाइफ" पण तुटतील. मी असं करते, वर्डमध्ये

```
Ctrl+F  ->  everyday
```

टाकून एकेका ठिकाणी थांबते आणि पुढचा शब्द बघते. समटाइम शोधताना सर्चच्या ऑप्शनमध्ये "Find whole words only" वर टिक करा, नाहीतर सगळे समटाइम्स पण येऊन वेळ जातो. आणि कोरलमध्ये काम करत असाल तर हे सगळं मजकूर कर्व्हमध्ये कन्व्हर्ट करायच्या आधी, एकदा कर्व्ह झालं की ती नुसती चित्रं असतात, त्यात शोधता येत नाही की टाइप करून बदलता येत नाही.

मी जागा सोडली होती, फ्लेक्सवर शब्द जोडलेला कसा दिसतोय?

हे डिझाइन करताना होतं. मोठ्या अक्षरांत ओळ बसत नाही म्हणून अक्षरं जवळ ओढतात, त्यात शब्दांमधली जागा पण आक्रसते, आणि वाय आणि डी यांच्यामधली फट लांबून दिसेनाशी होते. सगळी कॅपिटल असतील तर जास्तच. ओळ बसत नसेल तर अक्षरांचा आकार थोडा कमी करा, जागा खाऊ नका. प्रिंट पाठवायच्या आधी स्क्रीनवर फाइल लहान करून लांबून बघा, तेव्हा फट दिसली तर रस्त्यावरून पण दिसेल.

उलटा त्रास मेन्यूमध्ये होतो, एव्हरी ओळीच्या शेवटी आणि डे पुढच्या ओळीत. चूक नाही ती, पण वाचणारा अडखळतो. वर्डमध्ये दोघांच्यामध्ये साध्या स्पेसऐवजी `Ctrl+Shift+Space` द्या, मग ते दोन शब्द राहूनही एकाच ओळीत राहतात.

दुकानाचं नावच एव्हरीडे असं ठेवलंय, ते तोडायचं का?

नाही, नाव जसं ठेवलं तसं. "एव्हरीडे स्टोअर" असेल तर ते नियमाने पण बरोबर आहे, रोजच्या वस्तूंचं दुकान. फक्त त्या नावाखाली वेळ लिहिताना "ओपन एव्हरी डे" तोडून लिहा, नावाकडे बघून खालचं पण जोडलं जातं हे मी दोनतीनदा पाहिलंय.

असे अजून कुठले शब्द आहेत?

बोर्डावर लागणारे तेवढे सांगते. मेबी जोडून म्हणजे कदाचित, मे बी तोडून म्हणजे असू शकेल, त्यामुळे "रूम मे बी अव्हेलेबल" तोडून. एनीटाइम "कॉल एनीटाइम" मध्ये जोडून चालतं, पण आधी अॅट आलं की "अॅट एनी टाइम" तोडून. एव्हरीवन म्हणजे सगळे लोक, जोडून, पण "एव्हरी वन ऑफ अवर रूम्स", आमची प्रत्येक खोली, तोडून, पुढे ऑफ दिसला की सावध व्हा.

बोर्ड चुकीचा लागूनच गेलाय. बदलायला परत सगळा खर्च करायचा का?

काय प्रकारचा बोर्ड आहे त्यावर आहे. "ओपन एव्हरीडे" असं जोडून लिहिलेलं असेल आणि अक्षरं कापलेल्या व्हाइनलची असतील, तर फक्त डेची तीन अक्षरं हेअर ड्रायरने गरम करून काढायची आणि त्याच मापाची नवी तीन कापून थोडी उजवीकडे लावायची, काढलेली परत नीट चिकटत नाहीत. अॅक्रिलिकची सुटी अक्षरं असतील तर तीच सरकवता येतात, जुन्या गोंदाचा डाग मात्र दिसतो, तो बुजवावा लागतो. उजवीकडे जागाच नसेल तर एव्हरीडे पूर्ण काढा आणि तिथे डेली लावा, "ओपन डेली", पाचच अक्षरं लागतात आणि जोडायचं की तोडायचं हा प्रश्नच राहत नाही. फ्लेक्स असेल तर त्यावर पट्टी चिकटवू नका, पहिल्या पावसात तिची कड सुटते, पुढचा फ्लेक्स कराल तेव्हा बदला, आणि तोपर्यंत निदान गूगलवर आणि कार्डावर बरोबर करून घ्या, ते फुकटात किंवा थोडक्यात होतं.